विधवा-पुनर्विवाहाचा कायदा नक्की कोणासाठी होता? (आमच्या घरातला एक जुना कागद आणि एक प्रश्न)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. दिवाळीत गावी माळा साफ करताना पत्र्याच्या पेटीत कोर्टाच्या हुकूमनाम्याची एक नक्कल सापडली. साल १९०४. माझ्या पणजोबांची एक चुलती होती, नवरा गेला तेव्हा विशीच्या आतबाहेर असेल, पोरबाळ नाही. तिने पुढे दुसऱ्या गावच्या माणसाशी पाट लावला आणि तिच्या नावावर चाललेली साडेसहा एकर जमीन दिराने कोर्टात जाऊन काढून घेतली. कागदात 'सन १८५६ चा आक्ट १५' असा उल्लेख आहे.

आता माझा गोंधळ असा की शाळेत आपण शिकलो १८५६ चा कायदा म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी खटपट करून विधवांना पुनर्विवाहाचा हक्क मिळवून दिला तो. आम्ही कुणबी, आमच्यात पाट आधीपासूनच लागत होता, त्यासाठी कुणाच्या कायद्याची गरज नव्हती. मग ज्या कायद्याने बायकांचं भलं केलं त्याच कायद्याने आमच्या चुलतीची जमीन कशी गेली? का मी कागद चुकीचा वाचतोय? जाणकारांनी सांगावं.

निवांत_बसलोय:
वाचनखूण साठवली आहे. शेंगदाणे घेऊन बसलोय, येऊ द्या.

अवलिया:
कागद चुकीचा वाचताय असं वाटतं. तो कायदा बंगाली उच्चवर्णीयांसाठी होता, बहुजन समाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडे खरं काम केलं ते जोतिरावांनी. १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, पुण्यात न्हाव्यांचा संप घडवून आणला, विधवांची डोकी भादरणार नाही म्हणून. बाकी प्रार्थना समाजवाले वगैरे सभा भरवत बसले. तुमच्या चुलतीची जमीन भाऊबंदकीने गेली असेल, आक्टाचं नाव वकिलाने घुसडलं असेल.

कज्जेदलाल:
अवलिया, वकिलाने घुसडलं नाही हो, वकिलांना एवढं श्रेय देऊ नका :) गोदाकाठ, तुम्ही कागद बरोबर वाचताय.

त्या कायद्याचं पहिलं कलम सगळ्यांना माहीत असतं, विधवेचं लग्न कायदेशीर, संतती औरस. दुसरं कलम कोणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की विधवेने पुनर्विवाह केला की मयत नवऱ्याच्या मिळकतीतले तिचे हक्क संपले, जणू ती त्या क्षणी वारली असं समजायचं, आणि मिळकत नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे जायची. 'वारली असं समजायचं' हे माझं वाक्य नाही, कलमाचीच भाषा आहे.

आता तुमच्या चुलतीचं गणित मांडून बघा. तिचा नवरा भावापासून विभक्त झालेला असणार, नाहीतर एकत्र कुटुंबात तिला नुसती पोटगी मिळाली असती. मुलगा नाही. म्हणजे त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे जमीन तिच्याकडे आली, पण हयातीपुरती. कसायची, खायची, विकायची मात्र सहजासहजी नाही. ती गेली की जमीन परत नवऱ्याच्या भाऊबंदांकडे, म्हणजे दिराकडे. दिराच्या नजरेतून बघा: वहिनी विशीची, तिच्या मरणाची वाट बघायची तर चाळीस-पन्नास वर्षं. आणि तिने पाट लावला की ती कायद्याने आजच वारली!

प्रश्न एवढाच होता की ज्या जातींत पाट आधीपासून चालतो त्यांना हे कलम लागू होतं का. अलाहाबाद हायकोर्ट म्हणालं नाही, हा कायदा ज्यांना लग्न करता येत नव्हतं त्यांच्यासाठी केलाय, ज्यांना रूढीने आधीच मुभा होती त्यांच्यावर त्याचा बोजा टाकता येणार नाही. मुंबई हायकोर्टाने उलट घेतलं. १८९६ मध्ये विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात पूर्णपीठाने ठरवलं की जात कोणतीही असो, पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याची मिळकत गेली. तुमचा कागद १९०४ चा. खालच्या कोर्टापुढे दुसरा रस्ताच नव्हता.

सुगरण_रत्नागिरी:
बाई गं. म्हणजे कायदा ज्यांच्यासाठी केला त्या वापरत नव्हत्या आणि ज्यांना नको होता त्यांच्या गळ्यात पडला.

आमच्याकडची गोष्ट सांगते. माझ्या आजीची आत्या, आम्ही लहानपणी फोटोत बघितलेली, लाल आलवण, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. सातव्या वर्षी लग्न, नवव्या वर्षी नवरा तापाने गेला, सासर तिने फक्त लग्नात बघितलेलं. न्हातीधुती झाल्यावर केस काढले. पुढची साठ वर्षं माहेरच्या माजघरात, बाळंतपणं काढायला, पापड लाटायला सगळ्यांना आत्या हवी, आणि मुंजीत पुढे यायचं नाही. आजी सांगायची की न्हावी यायचा त्या दिवशी आत्या सकाळपासून कोणाशी बोलायची नाही. कायदा होऊन तोवर पन्नास वर्षं झाली होती आणि आमच्या घरात तो कुणी उच्चारलासुद्धा नसेल.

पेन्शनर_काका:
या विषयावर माहिती हवी होती. माझ्या पुतणीचे यजमान केंद्र सरकारी नोकरीत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. आता तिला स्थळ आले आहे. तर फॅमिली पेन्शन बंद होईल का? कोणता फॉर्म भरावा?

निवांत_बसलोय:
काका, धागा १८५६ चा आहे, तुम्ही १७० वर्षं उशिरा आलात.

कज्जेदलाल:
हसू नका, काकांचा प्रश्न धाग्यातलाच आहे. काका, केंद्राच्या नियमात निपुत्रिक विधवेला पुनर्विवाहानंतरही फॅमिली पेन्शन चालू राहते, फक्त तिचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलं पाहिजे. मुलं असतील तर पुनर्विवाहानंतर तिची बंद होऊन मुलांकडे जाते. लग्न लपवू नका, ऑफिसला लेखी कळवा, नाहीतर पुढे वसुली निघते. बाकी जुन्या दुसऱ्या कलमाचं भूत कुठेकुठे राहतं ते बघा.

पेन्शनर_काका:
आभारी आहे. पुतणीला कळवतो. मुलगा चांगला आहे.

पाणिनीचा_पणतू:
थोडं अवांतर. शास्त्रार्थ काय होता हे ऐकण्यासारखं आहे. विद्यासागरांचा सगळा आधार पराशर स्मृतीतल्या एका श्लोकावर: 'नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ', नवरा हरवला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला, पतित झाला तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. इतकं स्वच्छ. तर विरोधक म्हणाले, थांबा, 'पति' शब्दाची सप्तमी 'पत्यौ' होते, 'पतौ' नाही. तेव्हा इथे आधीच्या शब्दात लपलेला 'अ' धरून 'अपतौ' वाचा, म्हणजे जो अजून पती झालेला नाही, नुसता वाग्दत्त आहे तो. झालं! विधवा श्लोकातून बाहेर, फक्त सोयरीक मोडलेल्या मुली आत.

निवांत_बसलोय:
म्हणजे आलवण नेसायचं की नाही हे 'य' या अक्षरावर ठरलं. दहावीत संस्कृतला मला पन्नास पडले होते, बरं झालं मला कोणी पंच नेमलं नाही.

पाणिनीचा_पणतू:
पंच खरोखर नेमले होते. विष्णुशास्त्री पंडितांनी (चिपळूणकर नव्हे, हा घोळ नेहमी होतो) विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं, पुनर्विवाहाची मंडळी काढली, आणि १८६९ च्या जून महिन्यात मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचं लग्न लावून दिलं. शंकराचार्यांकडून बहिष्कार आला. मग १८७० मध्ये पुण्यात दोन्ही बाजूंचे पंच बसून रीतसर वाद झाला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला.

अवलिया:
आणि त्यातले न्यायमूर्ती रानडे? १८७३ ला पहिली पत्नी वारली तेव्हा विधवेशी लग्न करायची उत्तम संधी होती. केलं अकरा वर्षांच्या मुलीशी, वडिलांच्या आग्रहाखातर. हे तुमचे सुधारक.

सुगरण_रत्नागिरी:
ते खरंच, पण त्याच मुलीला त्यांनी शिकवलं आणि रमाबाई रानडे पुढे काय झाल्या तेही लिहा ना. आणि विष्णुशास्त्री पंडितांनी स्वतः विधवेशीच लग्न केलं.

कज्जेदलाल:
रानड्यांना झोडपणं सोपं आहे, मीही झोडपतो अधूनमधून. पण बहिष्कार ही काय चीज होती ते बघा. शिक्षा एकट्या नवरा-नवरीला नसायची. भटजी तुमच्या घरी श्राद्धाला येणार नाही, पंक्तीला कोणी बसणार नाही, धाकट्या बहिणीची सोयरीक होणार नाही. आणि तुमच्या घरी जो जेवेल त्याच्यावरही बहिष्कार, म्हणजे ते पसरत जायचं. एकटा माणूस शूर असू शकतो, पण बहिणीचं लग्न अडवून शूर राहायचं म्हणजे अवघड. या सगळ्यात १८५६ च्या कायद्याचं सातवं कलम वाचा: विधवा अज्ञान असेल आणि पहिल्या लग्नानंतर संसार झालेलाच नसेल, तर पुनर्विवाहाला बापाची संमती हवी. म्हणजे बालविधवेची सगळी किल्ली बापाच्या हातात, आणि बहिष्काराची दोरी बरोबर बापाच्याच गळ्यात. सुगरणताई, तुमच्या आजीच्या आत्यापर्यंत कायदा का पोचला नाही त्याचं माझ्यापुरतं उत्तर हे.

माणदेशी_मुलगी:
मी मूळची मराठवाड्याची, लग्न होऊन माणात आले (आयडी नवऱ्याने ठेवलाय). आमच्याकडं पाटाला मोहतूर म्हणतात. वर सगळे असं लिहितायत की बहुजनांत पाट होता म्हणजे बायकांना मोकळीक होती. तेवढं गोड नव्हतं ते. माझ्या आजीने बघितलेलं मोहतूर ती सांगायची, रात्रीचं, अंधाऱ्या पाखात, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तिकडं बघायचं नाही, नव्या बाईचं तोंड सकाळी उजाडताना कोणी बघू नये म्हणून तिला बाहेर येऊ द्यायचे नाहीत. गडी बिनलग्नाचा असला तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे पहिली बायको रुई आणि ही दुसरी. मोहतुराच्या बाईला देवकार्यात लग्नाच्या बाईचा मान नाही. आणि लेकरं असली तर ती पहिल्या घरी ठेवून जायचं, आजी एका बाईचं सांगायची, ती बाजाराच्या दिवशी रस्त्यात उभी राहायची, लेक सासऱ्याबरोबर जाताना दिसावा म्हणून.

आणि हेही पुढं बंद झालं. घरात चार पैसे आले, पाटीलकीतली सोयरीक जमली, की पयली गोष्ट म्हणजे आमच्यात मोहतूर होत नाही असं सांगायला लागायचे. शहाण्णव कुळी म्हणवायचं तर विधवा घरात बसवावी लागते. माझ्या आईची मावशी अशीच एकोणिसाव्या वर्षी बसली, तिची आजी मात्र मोहतुराचीच होती.

गोदाकाठ:
माणदेशीताई, हे शेवटचं आमच्या घरात तंतोतंत. माझे आजोबा 'आपल्यात पाट नाही' असं छातीठोक सांगायचे आणि माळ्यावर हा कागद!

अवलिया:
ठीक, पाटाचं सोवळंओवळं मान्य. पण मग कज्जेदलाल, तुमचा मुद्दाही लंगडा पडतो. रूढीनेच बाई पाट लावून जाताना पहिल्या घरची जमीन आणि लेकरं सोडून जात असेल, तर कोर्टाने वेगळं काय केलं? इंग्रजांच्या कायद्याला उगाच खलनायक करताय.

कज्जेदलाल:
चांगला पकडलात, हा मुद्दा मी गिळून टाकला होता. बऱ्याच जातींत रूढी तीच होती, सोडून जायचं. पण सगळीकडे नव्हती. कुठे दिराशीच पाट लागायचा, मग जमीन घरातच. कुठे पंच बसून काही तोडजोड करायचे. कोर्टाने केलं ते हे की पंचांपुढे घासाघीस करायला जी जागा होती ती बुजवली आणि सगळ्या मुंबई इलाख्याला एकच माप लावलं. पेशवाईतसुद्धा पाटावर पाटदाम नावाचा कर घ्यायचे, म्हणजे सरकार यात पहिल्यांदा घुसलं असंही नाही. पण कर भरून सुटका होती, दुसऱ्या कलमातून नव्हती. तरीही, कायदा नसता तर गोदाकाठ यांच्या चुलतीला जमीन राहिली असती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मात्र एक गंमत (गंमत कसली) ऐका. १८८० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, आसामच्या मोनीराम कोलिता खटल्यात ठरवलं की विधवेला एकदा नवऱ्याची मिळकत मिळाली की नंतर ती बदचालीने वागली तरी मिळकत काढून घेता येत नाही. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. विधवा कोणाबरोबर लग्नाशिवाय राहिली तर जमीन तिचीच. चारचौघांत पाट लावून त्याच माणसाची बायको झाली तर जमीन गेली.

निवांत_बसलोय:
शेंगदाणे संपले. यावर विनोद सुचत नाहीये.

चष्मेबद्दूर:
उशिरा आलो. अवलियांच्या पहिल्या प्रतिसादात एक दुरुस्ती. न्हाव्यांचा संप सगळे जोतिरावांच्या नावावर पुण्यात टाकतात, पण ज्याची नोंद नीट सापडते ती न्हाव्यांची सभा १८९० ची, मुंबईची, आणि पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा, तेच दीनबंधूवाले, गिरणी कामगारांचे पुढारी. लोखंडे सत्यशोधक होते, त्यामुळे धागा जोतिरावांपर्यंत जातोच. आणि बालहत्या प्रतिबंधक गृहात येणाऱ्या बऱ्याच ब्राह्मण विधवा होत्या, हेही लक्षात घ्या. १८८४ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणावर मत देताना जोतिरावांनी स्वतः लिहिलंय की तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या, आणि त्यातली पाचच मुलं जगली, कारण आधी पोटात दिलेली विषारी औषधं. गृहाबाहेर आणखी किती असतील. 'बहुजनांशी संबंध नाही' आणि 'ब्राह्मणांपुरतं' अशा दोन पेट्या केल्या की या पस्तीस बायका कुठल्या पेटीत घालायच्या?

अवलिया:
संपाची दुरुस्ती मान्य. लोखंड्यांचं नाव मला माहीत होतं, पण हा संप त्यांच्याकडे जोडला नव्हता.

सुगरण_रत्नागिरी:
आणि धोंडो केशव कर्वे? अजून कोणी नावच नाही घेतलं. ११ मार्च १८९३, गोदूबाईंशी लग्न, त्या आठव्या वर्षी लग्न होऊन तीन महिन्यांत विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. मुरुडला गावाने वाळीत टाकलं. माझं माहेर तिथून जवळच.

चष्मेबद्दूर:
कर्व्यांचंच पुढचं बघा ना, मला तेच सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. आधी पुनर्विवाहाची मंडळी चालवली. १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला, आणि आश्रम चालायला लागल्यावर पुनर्विवाहाच्या मंडळीतून हळूच बाजूला झाले. का, तर आश्रमात मुलगी पाठवली की तिचं लग्न लावून देतील या भीतीने बाप मुली पाठवेनात. म्हणजे स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाला आश्रमात लग्नाचं नाव काढायची चोरी. त्यांच्या मेव्हण्या पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, त्या स्वतः केशवपन केलेल्या, पुनर्विवाह न केलेल्या, म्हणूनच लोक त्यांना ओसरीवर बसवून घेत.

माणदेशी_मुलगी:
माघार म्हणायची का शहाणपण?

चष्मेबद्दूर:
माझं मत रोज बदलतं. लग्नं मोजली तर त्या पन्नास वर्षांत चळवळीला फार यश नाही. पण पोटापुरतं शिकून शिक्षिका, नर्स झालेली विधवा भावाच्या माजघरात परत जात नाही, आणि तिच्या जाण्यावर कोणाला बहिष्कारही घालता येत नाही.

कज्जेदलाल:
अर्धवट सहमत. पगार आला पण मिळकत नाही आली. हयातीपुरत्या हक्काचा पूर्ण मालकी हक्क व्हायला १९५६ चा वारसा कायदा यावा लागला, आणि जुना १८५६ चा कायदा तर थेट १९८३ मध्ये रद्द झाला. या दोन्ही तारखा शाळेच्या पुस्तकात नसतात.

माणदेशी_मुलगी:
आमच्याकडं अजून सगळं संपलं नाहीये बरं का. २०२२ ला कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. मग सरकारने पण परिपत्रक काढून बाकीच्या पंचायतींना सांगितलं. आमच्या गावानेही ठराव केला. पुढच्याच महिन्यात एक माणूस गेला आणि बांगड्या फोडल्याच, फोडणाऱ्या बायकांत ठरावाला हात वर केलेल्या दोघी होत्या. विचारलं तर म्हणाल्या, आमचं काही नाही गं, पण तिच्या सासूला काय वाटेल.

गोदाकाठ:
मंडळी, सगळे प्रतिसाद वाचून काल रात्री कागद परत काढला. कज्जेदलाल, तुमचा तो मोनीरामचा खटला वाचला आणि मला एक परिच्छेद कळला जो आधी कळलाच नव्हता. चुलतीची कैफियत आहे त्यात. ती म्हणते, 'पाट लागला नाही, मी सदर इसमाचे घरी भाकरी करून राहते.' मला वाटलं होतं बाई खोटं का बोलतेय, अख्ख्या गावाला माहीत होतं. आता कळतंय की वकिलाने तिला हेच सांगायला लावलं असणार. दिराने पाटाला हजर असलेले तीन साक्षीदार उभे केले, त्यातला एक तिचा सख्खा भाऊ. कोर्टाने साक्षीदारांवर विश्वास ठेवला.

सुगरण_रत्नागिरी:
सख्खा भाऊ?? त्याला काय मिळालं?

गोदाकाठ:
कागदात नाही. पण बहिणीला 'ठेवलेली' म्हणवून घेण्यापेक्षा जमीन गेलेली बरी असं त्याला वाटलं असेल, किंवा दिराने काही दिलं असेल. आमच्या त्या साडेसहा एकरांत आता डाळिंब आहे. पुढच्या सुट्टीत तलाठ्याकडे जुने फेरफार बघणार आहे, तिच्या दुसऱ्या घरचं गाव कागदात अर्धवट पुसलंय, 'पिंप' एवढंच वाचता येतं.

निवांत_बसलोय:
नाशिक जिल्ह्यात 'पिंप'ने सुरू होणारी गावं मोजायला बसलात तर मलाही बोलवा. शेंगदाणे माझे.